आरंभीची शिल्लक ११४० की ६४०? बचत गटाचं इतिवृत्त लिहायला शिकले, त्याची हकीकत

आमच्या गटाच्या आधीच्या सचिव वहिनी नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याला गेल्या. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १६ जानेवारी २०२४ला, त्यांनी माझ्या घरी पत्र्याचा डबा आणून ठेवला. डब्यात रोकड, बँकेचं पासबुक, गटाचा शिक्का, बचत आणि कर्जाच्या खतावण्या आणि एक लांब वही होती. वहीवर लिहिलं होतं, ‘सभा इतिवृत्त’. वहिनी म्हणाल्या, “तू बारावी झालीयेस, तुला काय अवघड?” चहा पिऊन त्या गेल्याही.

बारावीत मी इतिहास-भूगोल शिकले होते. रोकड, खतावणी हे शब्द ऐकले होते, लिहिले कधीच नव्हते. त्याच वर्षी गटाला बँकेचं पहिलं कर्ज मिळायचं होतं आणि ते सप्टेंबरात मिळालं. मधले आठ महिने त्या लांब वहीत गेले. दुसऱ्या कुणाच्या घरी असाच डबा येऊन पडला असेल तर तिच्या उपयोगी पडेल, म्हणून हे लिहिते. सभासदांची नावं मुद्दाम लिहीत नाही. कुणी किती कर्ज घेतलं हे गावात माहीत असतंच, तरी ते छापून मांडायची गोष्ट नाही.

आमचा गट सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातला. सभासद १२. गट डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला. बचत महिन्याला १०० रुपये, सभा दर महिन्याच्या १० तारखेला. गटांना मार्गदर्शन करणाऱ्या उमेद या सरकारी अभियानाची माणसं आठवड्याला सभा घ्या म्हणतात, पण आमच्यातल्या निम्म्याअधिक जणी रोजाने जातात, त्यामुळे महिन्यावर ठरलं. गटातून कर्ज घेतलं तर व्याज शेकडा २ रुपये महिना. अध्यक्ष माझ्या चुलत सासूबाई, त्यांना सगळ्याच नानी म्हणतो. कोषाध्यक्ष मावशी.

डबा आला त्या रात्री पोरं झोपल्यावर मी रोकड मोजली. ६४० रुपये. वहीत १० जानेवारीच्या सभेखाली शेवटची ओळ होती, ‘हातातील शिल्लक रु. ११४०’. पुन्हा मोजले, डबा पालथा केला, पासबुकाच्या घड्या उलगडून बघितल्या. ५०० कमीच. पैसे कुठे गेले याची मला तितकीशी काळजी नव्हती. ते माझ्या घरी असताना कमी निघाले, याची होती. नवऱ्याला उठवून सांगितलं तर तो म्हणाला, “आपले टाक ५०० आणि विषय मिटव.”

मी टाकणारही होते. दुसऱ्या दिवशी सीआरपी ताई भेटल्या म्हणून वाचले. सीआरपी म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती, आमच्यासारख्याच गटातली बाई, उमेदकडून काही गट बघते. त्या म्हणाल्या, “पदरचे टाकलेस तर फरक कायमचा झाकला जाईल आणि कुणाच्या तरी नावचं कर्ज वहीत येणारच नाही. सभेत वही वाच. मोठ्याने वाच, आणि वाचायच्या आधी सगळ्यांसमोर डबा मोज.” आणखी एक त्यांनी सांगितलं: जुन्या पानाला हात लावायचा नाही. खाडाखोड नको, व्हाइटनर नको, मध्ये ओळ घुसडणं नको. चूक मागच्या पानावर असली तरी दुरुस्ती आजच्या पानावर, आजच्या तारखेला.

१० फेब्रुवारीला दुपारी तीनला अंगणवाडीच्या खोलीत सभा होती. दुसरा शनिवार म्हणजे बँक बंद, तेव्हा जमलेली रोकड एकतर कुणाच्या तरी घरी पडून राहणार किंवा सभेतच कर्ज म्हणून वाटली जाणार. आधी नानींनी डबा मोजला. ६४०. मग मी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. ‘हातातील शिल्लक अकराशे चाळीस’ म्हटल्यावर खोलीत एकदम शांतता झाली. मावशींचा चेहरा उतरला. तेवढ्यात पलीकडच्या आळीतल्या आक्का बोलल्या, “अगं, नातवाला दवाखान्यात नेलं तेव्हाचे माझ्याकडे पाचशे आहेत की! डिसेंबरात, २८ तारखेला. मावशींनीच दिले.”

मावशींनी दिले होते आणि विसरल्या होत्या. जानेवारीच्या सभेत कुणी डबा मोजलाच नाही. मागची शिल्लक अधिक आजची जमा वजा आजचा खर्च असा हिशोब कागदावर झाला आणि कागदावर तो बरोबरच होता. इतिवृत्तातली शिल्लक ही मोजलेल्या नोटांची हवी आणि हिशोबाशी ती ताडून पाहायची, हे मला तिथे कळलं. आम्ही उलटं करत होतो, हिशोब करून नोटा तेवढ्याच असतील असं धरत होतो.

आक्कांचं व्याज माफ करावं असं सगळ्यांचं मत पडलं. त्यावर नानींनी एक नियम सुचवला: दोन सभांच्या मध्ये अडीनडीला पैसे द्यायचे झाले तर जास्तीत जास्त १००० रुपये, चिठ्ठीवर दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या, आणि पुढच्याच सभेत ते वहीत आलेच पाहिजेत. हा नियमही इतिवृत्तात लिहिला. तोंडी नियमाची आठवण दर महिन्याला बदलते.

एवढ्यावर सभा संपली असती तर मी सुटले असते. पण हप्ते गोळा करताना म्हशीवाल्या काकूंनी १००० मुद्दल ठेवलं आणि वर २०० व्याज ठेवलं. मी रात्री आधीच आकडे काढून ठेवले होते. काकूंनी सप्टेंबरात १०,००० घेतले होते, ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत चार हप्ते फेडले, म्हणजे शिल्लक ६०००. शेकडा दोनने व्याज होतं १२०. मी ८० परत करायला लागले तर काकू म्हणाल्या, “नेहमी दोनशेच देते की मी.”

खतावणी उघडली. चारही महिने २००, २००. शिल्लक मुद्दलावर धरलं असतं तर २००, १८०, १६०, १४० असे एकूण ६८० झाले असते. काकूंनी ८०० भरले होते. आता बरोबर काय? सप्टेंबरच्या इतिवृत्तात एवढंच होतं, ‘रु. १०,००० कर्ज म्हैस खरेदीसाठी मंजूर, व्याज शेकडा २ रु., १० महिन्यांत परतफेड’. व्याज मूळ रकमेवर की राहिलेल्या, हप्ता किती, पहिला हप्ता कोणत्या तारखेला, काहीच नाही. दोघी म्हणाल्या, गटाला तेवढंच उत्पन्न, राहू दे. दोघी म्हणाल्या, उद्या आम्ही कर्ज घेतलं तर आम्हालाही तसंच लावणार का? अर्धा तास त्यातच गेला. शेवटी ठरलं की व्याज राहिलेल्या मुद्दलावरच. काकूंचे जादा गेलेले १२० आणि फेब्रुवारीचं देय व्याजही नेमकं १२०, म्हणून ते वळते करून त्या महिन्याला व्याज शून्य. रक्कम जुळली हा योगायोग. नसती जुळली तरी वळतं करायची रीत हीच.

बाकीचा व्यवहार झटपट झाला. शिलाईवाल्या वहिनींना लग्नसराईसाठी अस्तराचं नि परकराचं कापड भरायला ५००० हवे होते. रोकड तेवढी नव्हती, ३००० मंजूर झाले. त्यांचं तोंड जरा पडलं, पण शिल्लक समोर मांडलेली असल्याने कुणाला काही बोलता आलं नाही. त्या दिवशी मी लिहिलेलं पान जसंच्या तसं देते, फक्त नावं काढून:

> दि. १० फेब्रुवारी २०२४ रोजी दुपारी ३ वाजता अंगणवाडी येथे गटाची मासिक सभा अध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली झाली. एकूण सभासद १२, हजर १०, गैरहजर २ (एक कळवून, एक न कळवता). मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखविले व खालील ठराव १ मधील दुरुस्तीसह कायम केले.
>
> ठराव १ : वहीप्रमाणे आरंभीची रोख शिल्लक रु. ११४०, मोजलेली रोकड रु. ६४०. फरक रु. ५०० हा दि. २८ डिसेंबर २०२३ रोजी एका सभासदास दवाखान्यासाठी दिलेल्या रकमेचा असून ती आज कर्ज म्हणून नोंदविली. परतफेड दि. १० मार्च २०२४ रोजी एकरकमी. व्याज माफ.
>
> ठराव २ : गटाच्या सर्व अंतर्गत कर्जांवर व्याज शिल्लक मुद्दलावर दरमहा शेकडा २ रु. राहील. एका सभासदाकडून जादा आलेले रु. १२० या महिन्याच्या व्याजात वळते केले.
>
> जमा : बचत ११ सभासदांची रु. ११००. कर्ज मुद्दल रु. १५००. व्याज रु. १४०. दंड रु. १०. एकूण रु. २७५०.
>
> ठराव ३ : शिलाई व्यवसायाचे कापड खरेदीसाठी रु. ३००० (अक्षरी तीन हजार) कर्ज मंजूर. हप्ते ६, प्रत्येकी मुद्दल रु. ५०० अधिक व्याज. देय : १० मार्च रु. ५६०, १० एप्रिल रु. ५५०, १० मे रु. ५४०, १० जून रु. ५३०, १० जुलै रु. ५२०, १० ऑगस्ट रु. ५१०. एकूण परतफेड रु. ३२१०. रक्कम सभेत रोख दिली.
>
> थकीत : एका सभासदाची बचत रु. १००. एका कर्जदाराने फक्त व्याज रु. ६० भरले, मुद्दल हप्ता रु. ५०० थकीत, तो १० मार्चच्या हप्त्यासोबत देण्याचे मान्य केले.
>
> खर्च : नोंदवही रु. ६०. अखेरची रोख शिल्लक (मोजून) रु. ३३०.

प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं आहेत, आणि ‘सर्वानुमते मंजूर’. ज्या सभासदाचं कर्ज मंजूर होतंय ती स्वतःच सूचक होऊ नये, एवढं मात्र बघा. आमच्या जुन्या पानांवर दोनदा तसं झालं होतं आणि बँकेत त्यावर बोट ठेवलं गेलं.

हे पान वाचताना एक ताळा करून बघा. मोजलेले ६४०, त्यात आजची जमा २७५०, झाले ३३९०. त्यातून ३००० कर्ज आणि ६० खर्च वजा, राहिले ३३०. डब्यातही ३३०च. वहीच्या बाजूने आलात तर ११४० मधून आक्कांचे ५०० वजा केले की तेच ६४० येतात. दोन्ही वाटा एकाच आकड्यावर आल्या की सह्या घ्यायच्या, त्याआधी नाही.

सह्यांचीही एक गंमत आहे. वहिनी घरी जाऊन सुवाच्य अक्षरात लिहायच्या आणि पुढच्या सभेत सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. पहिल्या महिन्यात मीही चिठ्ठीवर टिपून घरी उतरवायचं ठरवलं होतं, पण ५००चा घोळ बघून सभेतच वहीवर लिहायला बसले. अक्षर वेडंवाकडं आलं, वेळ पाऊण तास जास्त लागला, बायका कुरकुरल्या. तरी तेच बरं. जी बाई सही करते तिला ते पान आठवत असतं. शेवटच्या ओळीखाली लगेच आडवी रेघ मारायची, रेघेखाली सह्या. रेघ आणि सह्यांमध्ये जागा सोडली तर तिथे उद्या काहीही लिहिता येतं. ज्या अंगठा देतात त्यांच्या अंगठ्याशेजारी नाव लिहून दुसऱ्या एका सभासदाची साक्ष म्हणून सही घेते. आकडा चुकला तर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा, आणि तिथे अध्यक्षांची नि माझी छोटी सही. खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे.

मार्चच्या सभेत आक्कांचे ५०० आले, थकलेली बचत दंडासह आली, थकीत मुद्दलही आलं. मी खूश. १८ मार्चला, सोमवारी, नानी, मावशी आणि मी कर्जाची चौकशी करायला तालुक्याच्या बँकेत गेलो. एसटीला बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे तिघींचा खर्च फार नाही, पण तिघींचा रोज बुडाला. तो हिशोबात कुणीच धरत नाही.

बँकेतल्या साहेबांनी वही मागितली. त्यांनी काय बघितलं ते सांगते, कारण मला वाटलं होतं ते बचत किती ते बघतील. ते आधी एका सभेची अखेरची शिल्लक आणि पुढच्या सभेची आरंभीची शिल्लक अशी पानं उलटत गेले. मग त्यांनी एक कर्ज निवडलं, इतिवृत्तातली तारीख, खतावणीतली तारीख आणि त्या बाईच्या वैयक्तिक पासबुकातली तारीख शेजारी शेजारी ठेवली. फेब्रुवारीच्या पानावर थांबले, ५००चा ठराव दोनदा वाचला. मला घाम फुटला. ते एवढंच म्हणाले, “हे लिहिलंय ते चांगलं केलंत.” मग विचारलं, “तुम्ही सचिव कधी झालात?”

जानेवारीत, म्हटलं. ठराव कुठे आहे? नव्हता. सगळ्या जणींनी तोंडी हो म्हटलं होतं, डबा माझ्या घरी आला होता, मी दोन सभांचं इतिवृत्त सचिव म्हणून सही करून लिहिलं होतं, आणि मी सचिव झाल्याचं वहीत कुठेच नव्हतं. बँकेच्या कार्डावर सही अजून वहिनींची. म्हणजे कर्ज दूरच, खात्यातून पैसे काढायलाही वहिनी हव्यात.

एप्रिलच्या सभेत ठराव केला. आदल्या दिवशी गुढीपाडवा होता, तरी अकरा जणी आल्या. तो ठराव घेऊन गेलो तर परत पाठवलं, कारण त्यात ‘नवीन सचिवांची निवड करण्यात आली’ एवढंच होतं. बँकेला हवं होतं ते असं: आधीच्या सचिवांचं पूर्ण नाव आणि त्यांचा सहीचा अधिकार कोणत्या तारखेपासून रद्द, नव्या सचिवांचं पूर्ण नाव, आधारवर आहे तसंच, खातं कसं चालवायचं, म्हणजे अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने, आणि ठरावाखाली माझ्या सहीचा नमुना, अध्यक्षांनी साक्षांकित केलेला. माझं माहेरचं आडनाव आधारवर आणि सासरचं वहीत, त्यावर आणखी एक फेरी झाली. सही बदलायला एकूण तीन फेऱ्या आणि निवडणुकीच्या कामामुळे बँकेत माणसं नसल्याने जवळजवळ दोन महिने. पदाधिकारी बदलायचे असतील तर हा ठराव त्याच सभेत लिहून घ्या, जुन्या सचिव गावात असतानाच.

मे महिन्यात १० तारखेला अक्षय्य तृतीया आली. निम्म्या जणी पुरणपोळीत आणि निम्म्या माहेरी, म्हणून सभा १२ला घेतली. शिलाईवाल्या वहिनींनी विचारलं, हप्ता दोन दिवस उशिरा म्हणून दंड बसणार का? सभा गटाने पुढे ढकलली तर देय तारीखही तेवढीच पुढे जाते, व्याज वाढत नाही, असं ठरवून लिहिलं. फालतू वाटतं, पण लिहिलं नसतं तर पुढच्या वर्षी कुणीतरी १५ तारखेला येऊन हेच उदाहरण दिलं असतं.

जूनमध्ये कर्जाची फाइल दिली. अर्ज, सगळ्या सभासदांच्या सह्यांचा कर्ज मागणीचा ठराव, सभासदांचा आपसातला करारनामा, बारा जणींचे आधार आणि फोटो, मागच्या सहा सभांच्या इतिवृत्तांच्या झेरॉक्स. झेरॉक्स आणि फोटो मिळून साधारण सहाशे रुपये गेले, तेही गटाच्या खर्चात दाखवले, पावतीसह. गटाला द्यायच्या या कर्जाला बँक तारण मागत नाही, जामीनदारही नाही. सहा महिन्यांच्या सभांच्या वहीवरच ती विसंबते. साहेब एवढी पानं का उलटत होते, ते मला तेव्हा समजलं.

मग जून संपता संपता लाडकी बहीण योजना जाहीर झाली. जुलै-ऑगस्टात बँकेच्या दारातूनच रांग सुरू व्हायची, आधार जोडायला, खातं चालू करायला. आमच्याच गटातल्या दहा जणी त्या रांगेत होत्या. आमची फाइल कुठल्या टेबलावर आहे ते विचारायलाही सोय नव्हती. बँकेत गटांची कामं बघणाऱ्या बँक सखीने निरोप दिला, रक्षाबंधन होऊ द्या. झाली. गणपती होऊ द्या. तेही झाले. मधल्या सभा मी नेमाने लिहीत राहिले, कारण फाइल दिली म्हणून सभा थांबली तर तपासणीत तेही दिसतं. १० ऑगस्टला शिलाईवाल्या वहिनींनी शेवटचे ५१० भरले. इतिवृत्तात ‘कर्ज पूर्ण परतफेड, बाकी शून्य’ असं लिहून त्यांची सही घेतली. ही ओळ बऱ्याच वह्यांत नसते. कर्ज दिल्याचं पान सापडतं, संपल्याचं सापडत नाही.

२० सप्टेंबरला गटाच्या खात्यात दीड लाख जमा झाले.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीच्या विशेष सभेत होती. दीड लाख भागिले बारा, प्रत्येकीला साडेबारा हजार, असं दोघींनी म्हटलं. सोपं होतं, भांडणही नव्हतं. पण पाच जणींना कर्ज नकोच होतं. त्यांच्या नावावर उचलून दुसरीला वापरायला देणं हे आमच्या शेजारच्या गटात झालं आणि हप्त्याच्या वेळी ‘मी कुठे वापरले’ सुरू झालं. मी नानींना म्हटलं, ज्या बाईच्या हातात पैसे जाणार तिचंच नाव लिहीन, नाहीतर वही तुम्ही लिहा. एवढं कडक मी कधी बोलत नाही. सात जणींनी मागणी लिहून दिली: ४०, ३०, २५, २०, १५, १० आणि १० हजार. बेरीज दीड लाख आली खरी, पण आधीच्या मागण्या एक लाख ऐंशीच्या होत्या. कुणाचे किती कमी केले आणि का, हेही पानावर आहे.

परतफेडीच्या तारखा ठरवताना सीआरपी ताईंचं ऐकलं. बँकेचा हप्ता २० तारखेला, २४ महिने, सात हजारांच्या आसपास. सभासदांनी गटाला १० तारखेलाच द्यायचा आणि २० महिन्यांत फेडायचं, व्याज राहिलेल्या मुद्दलावर शेकडा १ रुपया. ४० हजारवालीचा पहिला हप्ता मुद्दल २००० अधिक व्याज ४००, असे २४००. सातही जणी मिळून पहिल्या महिन्याला ९०००. मधले दहा दिवस आणि वरचे दोन हजार ही आमची उसंत. एखादीचा हप्ता चुकला तरी बँकेचा चुकत नाही. मात्र ती सवलत नाही, हेही लिहिलं: बँकेचा हप्ता गटाच्या पैशातून भरला तरी त्या बाईच्या नावावर थकबाकी राहणार आणि ती पुढच्या सभेत वाचली जाणार.

वाचली जाणार, हे लिहायला सोपं. १० ऑक्टोबरला नवरात्र चालू, १० हजारवाल्या एका ताईंचा ६००चा हप्ता आला नाही. कांदा लागवडीत पैसे अडकले होते. इतिवृत्तात ते लिहिताना त्या शेजारीच बसल्या होत्या, मला पेन उचलवेना. त्यांनीच सांगितलं, “लिही. तारीखही लिही, १० नोव्हेंबरला दोन्ही देते.” लिहिलं. ९००० ऐवजी ८४०० आले, बँकेचा हप्ता त्यातून भागला.

आता डबा मी उघडत नाही. सभा सुरू झाली की मावशी मोजतात, नानी पुन्हा मोजतात, मग मी वही उघडते. आणि सभा उठायच्या आधी पुढचं पान उलटून वर ‘आरंभीची रोख शिल्लक’ लिहून तोच आकडा टाकून ठेवते. ऑक्टोबरला तो २८५ होता.